सेशनचा भाव आणि पैशाची वाट

आयपीएलचा सामना सुरू झाला की गावोगावच्या पानटपरीवर, दुकानाच्या मागच्या खोलीत आणि आता बहुतेक वेळा मोबाइलच्या पडद्यावर एक आकडा फिरू लागतो: ‘सहा ओव्हर, अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास.’ क्रिकेटच्या सट्ट्यात याला सेशन म्हणतात. सामना कोण जिंकणार याच्याशी त्याचा संबंध नसतो. पहिल्या सहा षटकांत संघ किती धावा करणार, एवढाच प्रश्न असतो. दहा षटकांचं सेशन, वीस षटकांची ‘लंबी’, एखाद्या फलंदाजाच्या धावा, पुढची विकेट किती धावांवर पडणार, असे सामन्याच्या पोटातले शेकडो सौदे लावता येतात आणि त्या सगळ्यांना मिळून फॅन्सी म्हणतात. सामन्याचा निकाल लागायला साडेतीन तास जातात, सेशनचा निकाल अर्ध्या तासात लागतो. म्हणूनच सट्ट्यातला बराचसा पैसा या छोट्या सौद्यांकडे ओढला जातो.

या बाजाराची चर्चा बहुधा ‘जिंकणार की हरणार’ एवढ्यावरच थांबते. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न दुसरा आहे. समजा तुम्ही जिंकलात, तर पैसे कोण देणार, कुठून देणार आणि ते तुमच्या बँक खात्यात आल्यावर पुढे काय होणार? बेकायदा बुकी आणि परवानाधारक कंपनी यांच्यातला खरा फरक इथे दिसतो. तो समजून घ्यायचा तर आधी भाव समजला पाहिजे.

भाव खरंच चांगला असतो का?

‘४८-४९’ या भावाचा अर्थ असा. तुम्ही ‘नो’ खेळलात तर संघाच्या धावा ४८ पेक्षा कमी व्हायला हव्यात. ‘यस’ खेळलात तर ४९ किंवा त्याहून जास्त व्हायला हव्यात. दोन्हीकडे शंभराला शंभर. दहा हजार लावून जिंकलात तर दहा हजार मिळतात, हरलात तर दहा हजार जातात. मग बुकीची कमाई कुठे? संघ बरोबर ४८ वर थांबला की ‘नो’वालाही हरतो आणि ‘यस’वालाही हरतो. दोन आकड्यांमधली ती एक धाव बुकीची असते. काही ठिकाणी आकडा एकच ठेवून पैशात फरक करतात. ४८ ला ‘यस’ खेळणाऱ्याला शंभरावर नव्वदच मिळतात आणि ‘नो’ खेळणाऱ्याला शंभर जिंकण्यासाठी एकशे दहा लावावे लागतात. पद्धत वेगळी असली तरी हेतू तोच.

आता हिशेब करू. समजा, अशा शंभर डावांपैकी ४८ डावांत धावा ४९ च्या वर गेल्या, ४८ डावांत ४८ च्या खाली राहिल्या आणि ४ डाव नेमके ४८ वर थांबले. दर वेळी शंभर रुपये लावून ‘यस’ खेळणारा ४८ वेळा जिंकला आणि ५२ वेळा हरला. दहा हजारांच्या उलाढालीत त्याचे चारशे रुपये गेले, म्हणजे शंभरामागे चार.

ब्रिटनमधली परवानाधारक कंपनी हाच सौदा वेगळ्या रीतीने मांडते. तिथे रेषा साडेअठ्ठेचाळीसची असते, त्यामुळे मधला आकडाच उरत नाही. पण अकरा पौंड लावले तर जिंकल्यावर दहाच मिळतात. शंभरपैकी पन्नास वेळा जिंकलात तर प्रत्येक वेळी साधारण ९१ मिळतात आणि उरलेल्या पन्नास वेळा शंभर जातात. दहा हजारांवर साडेचारशेच्या आसपास तोटा, म्हणजे शंभरामागे साडेचार.

या उदाहरणात बेकायदा बुकीचा भाव परवानाधारकापेक्षा अर्धा रुपया स्वस्त पडला. खेळणारे हे जाणतात आणि त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. बुकी कर भरत नाही, परवान्याची फी भरत नाही, ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवत नाही, तक्रार ऐकायला माणूस नेमत नाही. या सगळ्याचा खर्च वाचतो, म्हणून भाव स्वस्त ठेवणं त्याला परवडतं. पण त्याने वाचवलेला प्रत्येक खर्च म्हणजे तुमच्या पैशाला असलेलं एकेक संरक्षण होतं. एकदा जरी चाळीस हजारांची जिंकलेली रक्कम बुडाली, तर ती शंभरामागे अर्धा रुपया वाचवून भरून काढायला ऐंशी लाखांची उलाढाल करावी लागेल.

पैसे देणारा कोण?

पूर्वी सट्टा फोनवर आणि ओळखीवर चालायचा. आता एजंट ‘आयडी’ देतो. आयडी म्हणजे एखाद्या वेबसाइटचं नाव आणि पासवर्ड. तुम्ही एजंटला दहा हजार पाठवता आणि आयडीत दहा हजार पॉइंट दिसू लागतात. हे पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत. ती फक्त एजंटने केलेली नोंद असते. वेबसाइटच्या मालकाखाली सुपर मास्टर, त्याच्याखाली मास्टर, मग एजंट आणि सर्वांत खाली खेळणारा, अशी उतरंड असते. पॉइंट वरून खाली वाटले जातात. रोख पैसा मात्र प्रत्येक पायरीवर त्या त्या माणसाच्या हातात थांबतो.

या उतरंडीत प्रत्येकाचा नफ्या-तोट्यात हिस्सा असतो, आणि खेळणाऱ्याला बहुधा हे माहीत नसतं. समजा एजंटचा हिस्सा निम्मा आहे. तुम्ही चाळीस हजार हरलात तर वीस हजार त्याचे. पण चाळीस हजार जिंकलात तर त्यातले वीस हजार त्याला स्वतःच्या खिशातून द्यायचे असतात. म्हणजे ज्याला तुम्ही मधला दलाल समजता, तोच तुमच्या समोरचा खेळाडू असतो. पाच-दहा हजारांची रक्कम तो लगेच देतो, कारण तुमचा विश्वास हवा असतो. रक्कम मोठी झाली की त्याचं हित बदलतं.

न देण्याच्या वाटाही ठरलेल्या आहेत. ‘फॅन्सीत चुकीचा भाव लागला होता’ म्हणून निकालानंतर सौदा रद्द होतो. सौदा कधी रद्द करायचा याचे नियम आधी लिहून दिलेले नसतात, आणि असले तरी ते लावणारा समोरचाच असतो. कधी आयडी बंद होतो आणि पॉइंटची सगळी नोंद त्याच्याबरोबर नाहीशी होते. कधी ‘आधी टॅक्सचे पैसे भरा, मग विड्रॉल सोडतो’ असं सांगितलं जातं. ही मागणी आली की तो सट्टाही राहिलेला नसतो. ती सरळ फसवणूक असते आणि भरलेले पैसेही जातात.

मग कोर्टात जावं का? भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो. पैजेत जिंकलेली रक्कम मिळवण्यासाठी दावा लावता येत नाही, आणि पैजेच्या निकालावर अवलंबून म्हणून तिसऱ्याकडे ठेवायला दिलेल्या पैशासाठीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरुलाल पारख यांच्या खटल्यात या कलमाचा अर्थ तपशिलात सांगितला. पैजेचा करार निरर्थक असला तरी तेवढ्याने त्याला जोडून केलेले करार बेकायदा ठरत नाहीत, असं न्यायालय म्हणालं. पण आपल्याकडे १८६५ चा जुना मुंबई कायदा आणखी पुढे जातो. त्यात पैजेला जोडून केलेले करारही निरर्थक ठरतात.

याची दुसरी बाजू खेळणाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचते. जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला एजंट उधारीवर पॉइंट देतो आणि हिशेब सोमवारी करतो. खिशातून पैसा जाताना दिसत नाही, म्हणून आठवड्याभरात ऐपतीबाहेरचा आकडा सहज उभा राहतो. ही उधारी वसूल करायला एजंटलाही कोर्टात जाता येत नाही. मग वसुली दमदाटीने होते. मोटारसायकलची कागदपत्रं, कोरे धनादेश, बायकोचे दागिने, भावाच्या दुकानावर येऊन बसणारी माणसं, हे सारं त्यातून येतं. कायद्याचा दरवाजा दोन्ही बाजूंना बंद असला की जोर ज्याचा जास्त, त्याचं चालतं.

खातं गोठतं ते कसं?

पैसे वेळेवर मिळाले तरी धोका संपत नाही. मला सर्वांत गंभीर वाटतो तो हा भाग. तो समजावा म्हणून एक कल्पित पण रोजच्या व्यवहारात बसणारं उदाहरण घेऊ.

नाशिकचा एक किराणा दुकानदार आहे. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटने क्यूआर कोड पाठवला. खातं कुठल्या तरी ट्रेडिंग फर्मच्या नावाचं होतं. त्याने दहा हजार भरले. पुढच्या आठवड्यात पुन्हा भरताना क्यूआर वेगळा आला, नाव एखाद्या महिलेचं, बँक दुसऱ्या राज्यातली. त्याने फारसं मनावर घेतलं नाही. सेशनमध्ये छत्तीस हजार जिंकले, विड्रॉल टाकला आणि वीस मिनिटांत पैसे आले. पाठवणारा मात्र त्याच्या ओळखीचा नव्हता. नऊ दिवसांनी दुधाच्या गाडीवाल्याला यूपीआयने पैसे द्यायला गेला आणि व्यवहार फसला. बँकेत विचारल्यावर कळलं की परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सूचनेवरून खात्यावर रोख लावली आहे.

झालं काय होतं? दूरच्या एका शहरात ‘डिजिटल अटके’ची भीती घालून एका निवृत्त माणसाकडून दोन लाख उकळले गेले. ते पैसे एका भाड्याच्या खात्यात गेले. भाड्याचं खातं म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याने किंवा मजुराने थोड्या पैशांसाठी एटीएम कार्ड आणि सिमसकट दुसऱ्याच्या हाती दिलेलं खातं. तिथून रक्कम आणखी चार खात्यांत फुटली. त्यातलं एक खातं सट्ट्याची टोळी जिंकलेल्यांचे पैसे चुकवायला वापरत होती. ही सोय टोळ्यांना दोन्हीकडून फायद्याची असते. फसवणुकीचा पैसा शेकडो सामान्य खात्यांत पांगतो आणि सट्टेवाल्यांना मोठी रक्कम कुठून आणायची हा प्रश्न पडत नाही. तिकडे त्या निवृत्त माणसाने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. तक्रार नोंदली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती साखळी शोधली जाते आणि वाटेतल्या खात्यांवर रोख लागते. साखळीच्या शेवटी आपला किराणा दुकानदार उभा होता.

त्याने चोरी केलेली नाही. पण छत्तीस हजार कसे आले, याचं खरं उत्तर त्याला अडचणीत टाकणारं आहे. विकलेल्या मालाचे पैसे असते तर बिल दाखवता आलं असतं. पगार असता तर पत्र दाखवता आलं असतं. इथे खरं सांगावं तर बेकायदा सट्टा खेळल्याची कबुली होते, आणि खोटं बिल करावं तर नवा गुन्हा होतो. रोख कधी फक्त वादातल्या रकमेवर लागते, कधी संपूर्ण खात्यावर. संपूर्ण खातं गोठलं तर छत्तीस हजारांसाठी दुकानाचा सगळा व्यवहार, कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी अडकते. भाव ठरवताना ही किंमत कुणीच धरलेली नसते.

या पैशाचा आवाका महादेव अ‍ॅपच्या प्रकरणातून दिसला. २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने मांडलेल्या आरोपानुसार हे जाळं संयुक्त अरब अमिरातीतून चालवलं जात होतं. देशभर ‘पॅनेल’ किंवा शाखा नेमल्या होत्या, नफ्याची वाटणी सत्तर-तीस अशी होती आणि पैसा हवालामार्गे बाहेर नेला जात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ अ‍ॅप आणि वेबसाइट बंद करण्याचा आदेश दिला. शेवटच्या पायरीवरच्या पंटरला या उतरंडीचं वरचं टोक कधीच दिसत नाही. त्याच्या खात्याचं पासबुक मात्र तपासाच्या टेबलावर येऊ शकतं.

परवाना असतो तिथे काय बदलतं?

ब्रिटनमध्ये २००५ चा जुगार कायदा आहे आणि त्यावर देखरेख करायला गॅम्बलिंग कमिशन आहे. लंडन किंवा लेस्टरला राहणारा मराठी माणूस तिथे कायदेशीरपणे सहा षटकांच्या धावांवर पैसे लावू शकतो. त्याच्या दृष्टीने फरक भावात फारसा नाही, तो पैशाच्या वाटेत आहे.

पहिली गोष्ट, तिथली पैज हा न्यायालयात बजावता येणारा करार आहे. त्या कायद्याच्या कलम ३३५ ने जुनी मनाई उठवली आणि सप्टेंबर २००७ पासून ते लागू झालं. दुसरी गोष्ट, कंपनीला ग्राहकांचे पैसे स्वतःच्या खर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे लागतात आणि कंपनी बुडाली तर त्या पैशांना किती संरक्षण आहे हे आधीच सांगावं लागतं. तिसरी, ग्राहकाची ओळख तपासावी लागते, त्यामुळे पैसा कुणाचा आणि कुठून आला याची नोंद राहते. १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने पैज लावायला तिथे बंदी आहे. सोमवारच्या उधारीचा धोका त्यांनी असा कापला. चौथी, सौदा चुकीच्या भावामुळे रद्द करण्याचा हक्क तिथल्या कंपन्याही राखून ठेवतात, पण तो नियम आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि वाद मिटला नाही तर ग्राहकाला स्वतंत्र लवादाकडे विनामूल्य जाता येतं.

परवाना म्हणजे पूर्ण हमी नव्हे, हेही सांगायला हवं. ‘फुटबॉल इंडेक्स’ या ब्रिटिश कंपनीकडे परवाना होता, तरी मार्च २०२१ मध्ये ती कोसळली. ग्राहकांच्या खात्यातली न लावलेली रोकड वेगळी राखलेली होती, म्हणून ती परत देण्याची वाट निघाली. खेळाडूंवर लावून ठेवलेल्या पैशांना ते संरक्षण नव्हतं आणि लोकांचं खरं नुकसान तिथे झालं. शिवाय परवाना कुणाला जिंकवून देत नाही. शंभरामागे साडेचार रुपयांचा तोटा कायदेशीर कंपनीकडेही होतोच.

भारतात क्रिकेटच्या सट्ट्याचा असा परवाना कुणाकडेच नाही. घोड्यांच्या शर्यतीचा मार्ग वेगळा आहे. १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिला कौशल्याचा खेळ मानलं आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर कायद्याच्या चौकटीत पैसे लावता येतात. क्रिकेटसाठी परवाना पद्धत आणावी अशी सूचना लोढा समितीने २०१६ मध्ये केली होती. विधी आयोगानेही २०१८ च्या अहवालात नियमनाचा विचार मांडला. पण संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये उलट दिशेचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्याचे आर्थिक व्यवहार करून देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. फक्त खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण ज्याने आपलं खातं वापरायला दिलं, त्याने स्वतःला निव्वळ खेळणारा समजू नये.

म्हणून एखाद्या साइटच्या तळाशी कुराकाओसारख्या परदेशी परवान्याचा शिक्का दिसला, तर त्याचा भारतातल्या ग्राहकाला उपयोग नाही. तुमचे पैसे ज्या एजंटकडे आहेत तो त्या परवान्याखाली येत नाही.

ओळखावं कसं, करावं काय?

धोक्याच्या खुणा पैशाच्या वाटेवरच दिसतात. भरणा करायचं खातं दर थोड्या दिवसांनी बदलतं. खात्याचं नाव आणि साइटचं नाव यांचा मेळ नसतो. ‘शेऱ्यात काही लिहू नका’ असं बजावलं जातं. जिंकलेले पैसे अनोळखी व्यक्तींकडून येतात. विड्रॉलआधी आणखी पैसे भरायला सांगतात. यातली एक खूण दिसली तरी थांबणं शहाणपणाचं, आणि उरलेले पॉइंट सोडवण्यासाठी आणखी पैसे टाकणं सर्वांत वाईट.

खातं गोठलंच तर बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि वादातली नेमकी रक्कम. बाकीच्या शिलकीवरची रोख उठवण्याची मागणी करावी. मिळालेल्या संदेशांचे आणि व्यवहारांचे पुरावे पुसू नयेत, पोलिसांना उत्तर वकिलाला दाखवून द्यावं. ‘पाच हजार द्या, खातं उघडून देतो’ म्हणून फोन करणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. उधारीच्या वसुलीसाठी धमक्या येत असतील तर पोलिसांत तक्रार करावी, खेळल्याची लाज वाटते म्हणून गप्प बसू नये. आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना स्पष्ट सांगावं की महिन्याच्या काही हजारांसाठी आपलं खातं, कार्ड किंवा सिम कुणालाही द्यायचं नाही. सट्टा न खेळताही सर्वांत जड गुन्ह्यात अडकण्याचा तो रस्ता आहे.

सेशनचा भाव बघणारा माणूस धावांचा अंदाज बांधत असतो. त्या अंदाजात त्याची हुशारी खरी असू शकते. पण पैसे देणारा अनोळखी आहे, देण्याची सक्ती नाही आणि आलेला पैसा कुणाच्या लुटीचा असेल हे तपासायची सोय नाही, तिथे अचूक अंदाजही नुकसानच करतो. आज भारतात क्रिकेटच्या सट्ट्याला सुरक्षित दुकान नाही, म्हणून या बाजारापासून खातं आणि घर लांब ठेवणं हाच माझा सल्ला आहे.